सोन्याच्या भावाचा कँडलस्टिक चार्ट, आधार आणि अडथळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, वेंगुर्ले अशा गावांतून हे प्रश्न वर्षभर येत असतात; आंब्याचा पैसा हातात आला की आणि लग्नसराई जवळ आली की जरा जास्तच येतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मोबाइलवर चार्ट पहिल्यांदाच उघडलेला असतो, म्हणून सुरुवात अगदी पहिल्या पायरीपासून केली आहे आणि अपवादाचे प्रश्न शेवटी ठेवले आहेत. उदाहरणांतील रुपयांचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत; जिथे तारीख दिली आहे तिथले आकडे मात्र खरे आहेत.

१. चार्टवर दिसणारा भाव नेमका कशाचा असतो? आमच्या सराफाच्या फलकावर तर निराळाच आकडा असतो.

आपण कोणते चिन्ह उघडले आहे त्यावर हे अवलंबून असते. XAUUSD हे चिन्ह उघडल्यास आंतरराष्ट्रीय बाजारातील भाव दिसतो; तो डॉलरमध्ये आणि एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमचा असतो. एमसीएक्स या वायदेबाजारातील GOLD उघडल्यास ९९५ शुद्धतेच्या १० ग्रॅम सोन्याचा रुपयांतील भाव दिसतो, आणि त्यात आयात शुल्क धरलेले असते, पण जीएसटी धरलेला नसतो.

सराफ बहुधा २२ कॅरेटचा भाव सांगतो. समजा, एमसीएक्सवर भाव १,००,००० आहे. त्याला ०.९९५ ने भागून ०.९१६ ने गुणले की २२ कॅरेटच्या १० ग्रॅमचे साधारण ९२,०६० रुपये होतात; त्यावर ३ टक्के जीएसटी धरला की ९४,८२० च्या आसपास जातात, आणि घडणावळ त्यावर निराळी. शिवाय सराफ बहुतेक वेळा सकाळी एकदा भाव लावतो आणि चार्ट रात्रीपर्यंत हलत असतो. त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नये. दोन्हींची दिशा तेवढी एक असते.

२. एक कँडल म्हणजे काय? तिच्यातून काय काय कळते?

एक कँडल म्हणजे ठरावीक काळातील चार भाव: त्या काळातला पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. पडद्यावर ते O, H, L, C या अक्षरांनी दिसतात. समजा, दिवसाच्या कँडलमध्ये भाव १,००,२०० वर उघडला, वर १,००,९०० पर्यंत गेला, खाली ९९,९५० पर्यंत उतरला आणि १,००,७०० वर बंद झाला. मधला जाड भाग, ज्याला बॉडी म्हणतात, तो उघडत्या आणि बंद भावांमधला असतो. येथे तो ५०० रुपयांचा आहे. बॉडीच्या वर २०० रुपयांची आणि खाली २५० रुपयांची बारीक रेघ निघते, तिला विक किंवा साध्या भाषेत वात म्हणतात.

कँडल एक गोष्ट सांगत नाही, आणि नवख्या माणसाच्या ती लक्षात येत नाही: भाव आधी वर गेला की आधी खाली, हे त्या चार आकड्यांतून कळत नाही. ते पाहायचे असेल तर त्याच दिवसाचा तासाचा चार्ट उघडावा लागतो.

३. हिरवी कँडल म्हणजे भाव कालच्यापेक्षा वाढला, असेच ना?

नाही. रंग ठरतो तो त्याच कँडलच्या उघडत्या आणि बंद भावावरून. कालच्या भावाशी त्याचा संबंध नसतो. काल भाव १,००,८०० वर बंद झाला, आज ९९,९०० वर उघडला आणि १,००,३०० वर बंद झाला, तर आजची कँडल हिरवी दिसेल, परंतु भाव कालच्यापेक्षा ५०० रुपयांनी उतरलेलाच आहे. काही ॲपमध्ये हिरव्या-लालऐवजी पोकळ आणि भरीव कँडल असतात. तेथे नियम कोणता लावला आहे ते सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

४. लांब वात दिसली तर काय समजायचे?

भाव त्या टोकापर्यंत पोहोचला होता, पण तेथे टिकला नाही, एवढेच. वरची वात लांब असेल तर वरच्या भावाला विकणारे जास्त निघाले. खालची लांब असेल तर खालच्या भावाला घेणारे जास्त निघाले. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लाटेचे तुषार कुठवर उडाले आणि भरतीचे पाणी कुठवर चढून राहिले, या दोन निराळ्या खुणा असतात. वातीचे टोक ही पहिली खूण आणि बंद भाव ही दुसरी.

एकट्या लांब वातीवरून भाव उलटणार असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. तीच वात जुन्या आधाराच्या किंवा अडथळ्याच्या पट्ट्यात उमटली असेल तर तिला वजन येते. असे एक खरे उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे.

५. पाच मिनिटांचा, तासाचा, दिवसाचा, आठवड्याचा असे इतके चार्ट आहेत. मी कोणता पाहू?

सुरुवातीला दिवसाचा पाहावा. पडद्यावर तो बहुधा 1D असा दिसतो. पाच मिनिटांच्या चार्टवर दर तासाला नवी ‘पातळी’ सापडल्यासारखी वाटते आणि संध्याकाळपर्यंत तिला काही अर्थ उरत नाही. दिवसाच्या चार्टवर सापडलेली पातळी आठवड्याच्या चार्टवरही दिसते का, हे पडताळून पाहिले की पुरे.

चालू कँडलविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. दुपारी दोन वाजता दिसणारी आजची कँडल पूर्ण झालेली नसते. तिचा रंग आणि आकार रात्री बाजार बंद होईपर्यंत बदलू शकतो. एमसीएक्सवर सोन्याचे व्यवहार सकाळी ९ ते रात्री ११.३० पर्यंत, आणि अमेरिकेत हिवाळी वेळ लागू असताना ११.५५ पर्यंत चालतात. अमेरिकेतील रोजगाराचे आणि महागाईचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी ६ किंवा ७ वाजता जाहीर होतात, आणि दिवसातील मोठी हालचाल अनेकदा त्यानंतरच होते. दुपारच्या कँडलवरून मत बनवणाऱ्याची दिवेलागणीनंतर फसगत होते ती यामुळेच.

६. आधार आणि अडथळा म्हणजे काय? भाव पुन्हा पुन्हा तेथेच का थांबतो?

भाव उतरत असताना ज्या पातळीजवळ घेणारे पुढे येतात आणि भाव वर वळतो, तिला आधार किंवा सपोर्ट म्हणतात. चढत असताना ज्या पातळीजवळ विकणारे पुढे येतात, तिला अडथळा किंवा रेझिस्टन्स म्हणतात.

भाव तेथेच थांबण्यामागे माणसांची आठवण असते. मागच्या वेळी शिखरावर ज्यांनी घेतले आणि नंतर भाव पडला, ते दोन-तीन वर्षे ‘मुद्दल सुटले की मोकळा होईन’ असे म्हणत बसलेले असतात, आणि भाव पुन्हा तेथे आला की त्यांची विक्री निघते. ज्यांनी मागच्या वेळी वेळेवर विकले नाही म्हणून चुटपुट लावून घेतली होती, तेही तेव्हाच विकतात. आधाराच्या बाजूला याच्या उलट घडते. भर म्हणून, मोठे व्यवहार करणारेही हाच चार्ट पाहत असतात आणि आपले सौदे त्याच आकड्यांभोवती लावून ठेवतात. धातूच्या अंगी असा कोणताही आकडा नसतो. माणसे बदलली, पैशाची परिस्थिती बदलली की पातळीचा जोर ओसरतो.

७. पातळी आखायची कशी? रेघ वातीच्या टोकावरून काढू की बॉडीवरून?

रेघ काढूच नये, पट्टा काढावा. दिवसाचा चार्ट दोन-तीन वर्षांचा दिसेल इतका लहान करावा. भाव जेथून स्पष्टपणे वळला अशा जागा डोळ्यांनी शोधाव्या. एकच वळण असेल तर ती नुसती शंका. दोन असतील तर विचार करावा. एकमेकांपासून काही महिन्यांच्या अंतराने तीन वळणे असतील तर ती पातळी धरून चालण्याजोगी असते. मग अडथळ्यासाठी त्या वळणांवरच्या सर्वांत उंच वातीचे टोक ही पट्ट्याची वरची कड आणि त्या ठिकाणच्या कँडलच्या बॉडींची वरची बाजू ही खालची कड धरावी. आधारासाठी हेच उलट करावे.

पट्टा साधारण एक-दीड टक्का रुंद निघतो. तो चार-पाच टक्के रुंद होऊ लागला तर वेगवेगळ्या पातळ्या एकत्र कोंबल्या जात आहेत असे समजावे. चार्टवर एका वेळी दोन किंवा तीन पट्टे पुरेत. ज्यांच्या चार्टवर पंधरा रेघा असतात, त्यांचा भाव नेहमीच कोणत्यातरी रेघेजवळ असतो, आणि मग त्या रेघांचा उपयोग शून्य होतो.

८. एखादे खरे उदाहरण सांगाल का, म्हणजे मला तेच चार्टवर शोधून पाहता येईल?

XAUUSD चा आठवड्याचा चार्ट उघडावा आणि २०२० ते २०२४ हा काळ समोर आणावा.

ऑगस्ट २०२० मध्ये सोने २,०७५ डॉलरच्या आसपास जाऊन उलटले. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, ते २,०७० च्या जवळ पोहोचले आणि पुन्हा खाली आले. मे २०२३ च्या आरंभी, अमेरिकेतील काही बँका अडचणीत आल्यानंतरच्या काळात, तिसऱ्यांदा तेच झाले. तीनही वेळांची कारणे निराळी होती, पण भाव वळला तो जवळजवळ एकाच पट्ट्यातून. प्रश्न ७ मधील कसोटीला उतरणारा याहून स्वच्छ अडथळा सोन्याच्या अलीकडच्या चार्टवर शोधून सापडणे कठीण.

आता दिवसाचा चार्ट लावून ४ डिसेंबर २०२३ ही तारीख गाठावी. तो सोमवार होता. आपल्याकडे पहाट असताना, जेव्हा बाजारात माणसे थोडी असतात, भाव झपाट्याने २,१३५ च्या आसपास गेला. तो तोवरचा विक्रम होता आणि अडथळा तुटला असे वाटावे असाच क्षण होता. परंतु दिवस संपताना भाव २,०३० च्या जवळ उतरला होता. त्या दिवशी उमटली ती लांबलचक वरच्या वातीची लाल कँडल. तिचे टोक पट्ट्याच्या बरेच वर, तर बंद भाव पट्ट्याच्या खाली. निरनिराळ्या ॲपवर त्या दिवसाचा उच्चांक थोडा वेगळा दिसेल, कारण या बाजाराला एकच केंद्र नाही आणि प्रत्येक जण आपल्या स्रोताचा भाव दाखवतो.

खरी फोड झाली ती मार्च २०२४ च्या पहिल्या दिवसांत. १ मार्चला भाव २,०८० च्या वर बंद झाला आणि पुढच्या सोमवारी २,११० च्या वर. त्या कँडल मोठ्या हिरव्या बॉडीच्या आहेत आणि त्यानंतर भाव मागे फिरून पट्ट्यात आला नाही.

९. मग पातळी तुटली असे नेमके केव्हा मानायचे?

दिवसाचा बंद भाव पट्ट्याच्या पलीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशीचा बंद भावही पलीकडेच राहिला, म्हणजे. हा नियम सोपा आहे, आणि त्याची किंमतही मोजावी लागते: दोन दिवस थांबल्यामुळे भाव काहीसा पुढे निघून गेलेला असतो. तरीही नवख्याने ती किंमत मोजावी असे आमचे मत आहे, कारण प्रश्न ८ मधील डिसेंबरच्या पहाटे घाई करणारा माणूस त्याच रात्री सुमारे पाच टक्के खाली अडकला होता.

आठवड्याच्या कँडलचा बंद भाव पलीकडे असेल तर खात्री आणखी वाढते.

१०. तुटलेला अडथळा पुढे आधार होतो आणि भाव त्याला शिवायला परत येतो, असे म्हणतात. हे खरे का?

कधी कधी. मार्च २०२४ मध्ये भाव परत आलाच नाही, हे वर सांगितले आहे. आधार तुटतो तेव्हाचे उदाहरण २०१३ चे घ्यावे. २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या मे महिन्यात सोने १,५२५ ते १,५३० डॉलरच्या पट्ट्यातून वर वळले होते. शुक्रवार, १२ एप्रिल २०१३ रोजी तो पट्टा तुटला, आणि सोमवारी, १५ एप्रिलला, एका दिवसात भाव सुमारे नऊ टक्के कोसळला. नंतर तो सावरला खरा, पण १,५३० पर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुन्हा उलटला. ‘परत आला की विकू’ म्हणून थांबलेल्यांना ती संधी मिळाली नाही.

जो आधार बराच काळ टिकलेला असतो त्याच्या खाली अनेकांचे ‘इतक्याच्या खाली गेला तर विका’ असे सौदे साठलेले असतात. तो तुटला की ते सगळे एकदम सुटतात. म्हणून जुना आधार तुटल्यानंतरची घसरण सहसा हळू नसते.

११. मे महिन्यात मुलीचे लग्न आहे. आधार येईपर्यंत दागिन्यांची खरेदी थांबवू का?

दिवसाच्या चार्टवरचा पट्टा एक-दीड टक्क्याचा असतो. घडणावळ शेकडा दहा धरली तरी तिच्यातली दोन टक्क्यांची घासाघीस त्या पट्ट्याहून मोठी ठरते. तारीख ठरलेली असेल तर चार्टची वाट पाहून हाती फारसे काही लागत नाही. उलट भाव आधारापर्यंत उतरण्याऐवजी अडथळा फुटला तर वाढीव भावाने घ्यावे लागते. खरेदी दोन-तीन हप्त्यांत विभागणे आणि सराफाकडे घडणावळीचा दर आधी लिहून मागणे जास्त उपयोगी आहे. तारखेचे बंधन नसलेल्या, बिस्किटाच्या किंवा गोल्ड ईटीएफच्या खरेदीसाठी पातळ्या पाहण्यात अर्थ आहे.

१२. डॉलरच्या चार्टवर अडथळा स्पष्ट दिसतो, पण रुपयाच्या चार्टवर तो का दिसत नाही?

कारण रुपयातील भावात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: सोन्याचा डॉलरमधील भाव, डॉलरचा रुपयातील दर आणि आयात शुल्क. ऑगस्ट २०२० मध्ये सोने २,०७५ डॉलरवर असताना डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता आणि एमसीएक्सवरचा भाव ५६,००० च्या थोडा वर गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये डॉलरमधील सोने अवघे १,९०० च्या आसपास होते, म्हणजे आपल्या अडथळ्याच्या पुष्कळ खाली. पण डॉलर ८१-८२ रुपयांवर गेला होता आणि शुल्कही जास्त होते, म्हणून रुपयातील भावाने ५६,००० ची जुनी पातळी ओलांडली. एकाच सोन्याचा अडथळा एका चार्टवर तुटला होता आणि दुसऱ्यावर शाबूत होता.

आम्ही पातळी डॉलरच्या चार्टवर आखतो आणि खरेदीचा हिशेब रुपयाच्या चार्टवर करतो. रुपया वर्षानुवर्षे घसरत आला असल्यामुळे रुपयाच्या चार्टवर तीन वर्षांपूर्वीच्या आडव्या पट्ट्याला फारसे बळ उरत नाही. सहा-आठ महिन्यांतील पट्टे तेवढे धरावेत.

१३. २३ जुलै २०२४ ला एमसीएक्सवर भली मोठी लाल कँडल आहे. तिने आधार तोडला असे मानायचे का?

नाही. त्या दिवशी केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली, आणि भाव एका दिवसात सुमारे ४,००० रुपयांनी उतरला. डॉलरमधील भाव त्या दिवशी विशेष हलला नव्हता. ही घसरण विकणाऱ्यांच्या गर्दीची नव्हे, मोजपट्टी बदलल्याची होती, आणि म्हणून त्या तारखेच्या आधीचे रुपयातील सर्व पट्टे पुसून नव्याने आखावे लागले. शुल्क वाढते तेव्हाही, उलट दिशेने, हेच करावे लागते. रुपयाच्या चार्टवर अशी अजस्र कँडल दिसली की त्याच दिवसाचा XAUUSD उघडून पाहावा. तेथे काही नसेल तर कारण दिल्लीत किंवा चलनबाजारात शोधावे.

१४. कधी कधी दोन कँडलमध्ये मोकळी जागा असते, किंवा एखादी कँडल अगदीच चिमुकली असते. तेही वाचायचे असते का?

आधी कारण पाहावे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय आपल्या रात्री ११.३० ला किंवा १२.३० ला येतो. एमसीएक्स तोवर बंद झालेले किंवा होत असते, आणि दुसऱ्या सकाळी ९ वाजता भाव उडी मारून उघडतो. ही मोकळी जागा खरी आहे. XAUUSD वर ती दिसणार नाही, कारण तो बाजार आठवड्याचे पाच दिवस जवळजवळ अखंड चालतो.

चिमुकली कँडल अनेकदा सुट्टीची असते. काही सणांच्या दिवशी एमसीएक्स फक्त संध्याकाळी ५ नंतर उघडते, आणि दिवाळीतील मुहूर्ताचे सत्र तर तासाभराचेच असते. अशा कँडलवरून ‘बाजार गोंधळला आहे’ असा अर्थ काढू नये.

तिसरा प्रकार निव्वळ फसवा आहे. वायद्याचा एक महिना संपून चार्ट पुढच्या वायद्यावर जातो तेव्हा पुढचा वायदा बहुधा थोडा महाग असतो, आणि जोडून दाखवलेल्या अखंड चार्टवर त्या सांध्यापाशी भाव उगाचच चढल्यासारखा दिसतो. सोन्याचा मोठा वायदा फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांचा असतो व त्या त्या महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास संपतो. या तारखांच्या आगेमागे अडथळा फुटल्यासारखा वाटला तर त्या एका वायद्याचा स्वतंत्र चार्ट उघडून तीच उडी तेथे आहे का, ते पाहावे.